टोकनपर्यंत बोलणारा माणूस

माझा नवरा घरांबद्दल भरपूर बोलतो. भांडूपमध्ये आम्ही जिथे भाड्याने राहतो तिथून स्टेशनला जाताना नवीन टॉवर दिसला की तो थांबून वर बघतो. किती मजले झाले, बाहेरचं प्लास्टर कसं आहे, पार्किंग पोडियमवर आहे की स्टॅकमध्ये, हे सगळं तो सांगतो. माझ्या मावसबहिणीला कांजूरला फ्लॅट घ्यायचा होता तेव्हा सोसायटीची कागदपत्रं यानेच वाचून दिली. पाणी किती वेळ येतं, टाकीची क्षमता किती, शेवटची दुरुस्ती कधी झाली, असे प्रश्न त्याने विचारले, तेव्हा एजंटच जरा सावरून बसला.

तोच माणूस, "आपण कधी घ्यायचं?" असं मी विचारलं की गप्प होतो. रागावत नाही आणि विषयही बदलत नाही. उठतो आणि पाण्याच्या बाटल्या भरायला लागतो. "बघू" म्हणतो, आणि त्या "बघू"नंतर तासभर घरात काही बोलणं उरत नाही.

हे बराच काळ चाललं. त्या काळात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की तो नकार देत नव्हता. नकार दिला असता तर भांडता आलं असतं. शांततेशी भांडता येत नाही, आणि रिकाम्या जागेत आपण आपल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते तेच भरतो. मी भरलं होतं ते असं: याला माझ्याबरोबरचं पुढचं आयुष्य दिसत नाही.

आता बरंच पाणी वाहून गेल्यावर मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती आधी सांगते. जोडीदार गप्प होतो हे लक्षात आल्यावर तो *का* गप्प होतो हे विचारण्याआधी तो नेमका *कुठे* गप्प होतो हे बघावं. "का"चं उत्तर त्याच्याकडे तयार नसतं. "कुठे" मात्र आपल्याला आपल्या डोळ्यांनी दिसतं.

मी तसं बघायला लागले. घरं बघायला येतो का? येतो. एजंटशी बोलतो का? माझ्यापेक्षा चांगलं. पुढच्या दिवाळीला कोकणात जायचं ठरवतो का? तिकिटं सुटायच्या दिवशी सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसतो. विम्यात, पीएफमध्ये नॉमिनी म्हणून माझं नाव आहे का? आहे, आणि लग्नानंतर ते त्याने स्वतःहून बदललेलं आहे. मूल हवं का यावर बोलतो का? बोलतो, आणि मनापासून बोलतो. म्हणजे त्याला भविष्यकाळाचं वावडं नव्हतं, माझंही नव्हतं. शांतता यायची ती एकाच ठिकाणी. फ्लॅट पसंत पडला, किंमत कुठवर उतरेल याचा अंदाज आला, एजंट म्हणाला "टोकन देऊन टाका, बाकी बघू", की तिथे. टोकनच्या अलीकडे तो बोलका होता, पलीकडे मुका.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तिचा जोडीदार सहा महिन्यांच्या पुढच्या कशावरच बोलत नसे. पासपोर्टचं नूतनीकरण, भावाच्या लग्नाला एकत्र जायचं की नाही, दोघांच्या नावावर साधं आवर्ती ठेव खातं, सगळ्यावर तीच शांतता. तिथे प्रश्न घराचा नव्हताच. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. शांतता सगळीकडे पसरलेली असेल तर ती नात्याबद्दल काही सांगत असते. एकाच उंबऱ्यावर अडत असेल तर त्या उंबऱ्यावर काहीतरी आहे.

मानसशास्त्रात या खेळाचा बराच अभ्यास झालेला आहे. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो, पहिला आणखी मागे लागतो. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि ख्रिस्तोफर हेवी या अमेरिकी संशोधकांचा १९९० चा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटला. बायका मागे लागतात आणि पुरुष गप्प होतात, हा समज सगळीकडे आहे. त्यांनी जोडप्यांना दोन वेगळ्या विषयांवर बोलायला लावलं, एकदा बायकोला हवा असलेला बदल आणि एकदा नवऱ्याला हवा असलेला. बायकोच्या विषयावर नेहमीचं चित्र दिसलं. नवऱ्याच्या विषयावर मात्र ते चित्र तसं राहिलं नाही. म्हणजे कोण मागे लागणार हे बऱ्याच अंशी बदल कोणाला हवाय यावर ठरतं. ज्याला आहे ते बदलायचं नाही, किंवा बदलायची भीती वाटते, त्याच्यासाठी गप्प राहणं ही सगळ्यात सोपी जागा असते, कारण गप्प राहिलं की जे आहे ते चालू राहतं.

आणि गप्प माणूस आतून शांत असतो असंही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा भिंतीसारखी बसलेली माणसं आतून चांगलीच धडधडत असल्याचं दिसलं. त्या अवस्थेत ऐकलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून ते निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. बाटल्या भरणारा माझा नवरा मला आठवतो तो असा. त्याच्या हाताला काहीतरी काम हवं असायचं.

पण भांडूपच्या वन बीएचकेत ही सगळी माहिती घेऊन काय करायचं? इथे घराचा विषय नुसता नवरा-बायकोचा राहतच नाही. चाळीत वाढलेल्या माणसासाठी मुंबईतलं घर म्हणजे काका, आत्या, शेजारी आणि गणपतीत भेटणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न असतो. "अजून भाड्यानेच का?" हे कोणीही, कुठेही विचारतं. दर अकरा महिन्यांनी करार संपत आला की एजंटचे फोन सुरू होतात, मालक भाडं वाढवतो, आणि दोघांच्याही डोक्यात तोच विचार वेगवेगळा चालू असतो.

मग भांडूपलाच एक फ्लॅट आला. रीसेल, ओसी म्हणजे राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला असलेली इमारत, सोसायटी झालेली, कार्पेट ४०० चौरस फुटांच्या जरा वर. मालक एक कोटीवर उतरला. तो हिशोब इथे मांडते, कारण आमची सगळी कोंडी त्या हिशोबातूनच सुटली.

गृहकर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त बँक देऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे एक कोटीच्या घरासाठी ७५ लाखांचं कर्ज आणि २५ लाख आपले. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे सहा लाख, आणि नोंदणी फी ३०,०००. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच जाते. एजंटचं एक टक्का, सोसायटीची ट्रान्सफर फी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि वकील हे धरून साधारण ३३ लाख रोख लागत होते. आमच्या दोघांच्या ठेवी मिळून २४ लाख होते. उरलेले पीएफमधून काढता आले असते.

७५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण ६५,१००. त्याचा हातात येणारा पगार ८५,०००, माझा ७०,०००. बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत आहेत का ते बघतात. आमचे बसत होते. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "तुमची केस क्लीन आहे."

मी आनंदात होते. तो गप्प होता.

एजंटने त्यात एक सल्लाही दिला, "मॅडमच्या एकटीच्या नावावर घ्या, एक लाख वाचतील." ते खरं आहे. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की मिळत नाही. पण कर्ज आम्हा दोघांच्या पगारावर मिळणार होतं. म्हणजे त्याने वीस वर्षं हप्ता भरायचा आणि कागदावर मालक मी एकटी. एक लाख वाचवण्यासाठी असा विषय न बोलता उरकून टाकायचा नसतो. त्याचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुला हवं तसं." हे मला चाललं नाही.

कारण कर्जाच्या कागदावरची सही म्हणजे काय हे मला माहीत होतं. सहकर्जदार म्हणून सही केली की अर्ध्या कर्जाची जबाबदारी आपली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. एक हप्ता चुकला तर दोघांचाही क्रेडिट स्कोअर खाली येतो. अशा कागदावर "तुला हवं तसं" म्हणत केलेली सही मला घ्यायची नव्हती. गप्प माणसाचा होकार हा होकार नसतो, आणि वीस वर्षांच्या कर्जात तो कधीतरी नकार होऊन समोर येतो. मी एजंटला सांगितलं की टोकन देत नाही. फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. "घर कधी घ्यायचं?" हा प्रश्न बाजूला ठेवला. मी त्याला म्हटलं, "अरे, घराचं राहू दे. तुझ्या पगारातून दर महिन्याला कुठे कुठे पैसे जातात ते तू एका कागदावर लिही, मी माझं लिहिते. दहा तारखेनंतरच्या रविवारी एकमेकांना दाखवू. त्या दिवशी काहीच ठरवायचं नाही."

यातला प्रत्येक तुकडा मी विचार करून ठेवला होता. लिहायला सांगितलं, कारण तोंडी विचारलं की तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतो. मीही लिहिणार होते, म्हणजे ती तपासणी होत नव्हती. दहा तारीख, कारण तोवर सगळे हप्ते आणि भाडी गेलेली असतात आणि आकडे खरे असतात. आणि काहीच ठरवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ठरवायचंच आहे असं वाटलं की माणूस आकडासुद्धा बचावात सांगतो.

रविवारी आम्ही पवई तलावाच्या काठाने चालायला गेलो. घरातल्या टेबलावर समोरासमोर बसायचं नाही हे मी ठरवलंच होतं. चालताना दोघांच्या नजरा पुढे असतात, आणि थांबावंसं वाटलं तर थांबायला कारण लागत नाही. माझ्या कागदावर आईला दिले जाणारे ६,००० होते, माझी एसआयपी होती, घरखर्चातला माझा वाटा होता. त्याच्या कागदावर पहिलीच ओळ होती: बाबा, भाडं, १७,०००. दुसरी: पर्सनल लोन, ९,३००. तिसरी: आईबाबा, औषधं, ६,०००.

तो घरी पैसे देतो हे मला माहीत होतं. किती, ते मी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तो विषय काढायची पद्धत नाही. पण भाडं पूर्णच तो भरतो हे मला माहीत नव्हतं. माझी समजूत होती की भाडं बिल्डर देतो.

सासरची मूळ खोली लालबागला, एका पागडीच्या चाळीत. १६० चौरस फूट, बाहेर लांब गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. २०१३ मध्ये पुनर्विकासासाठी चाळ खाली केली. तीनशे चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार होतं, इमारत होईपर्यंत भाडं बिल्डर देणार होता. सासरे छापखान्यात होते, निवृत्तीला आलेले. पहिल्या वर्षाच्या भाड्याचे चेक आगाऊ मिळाले, पुढची काही वर्षंही मिळाले. मग उशिरा मिळायला लागले, मग बंद झाले. जोत्याच्या वर काही खांब उभे राहिले आहेत, त्यांच्या सळया बाहेर आलेल्या आहेत, आणि काम थांबलेलं आहे. आईबाबा डोंबिवलीला भाड्याने राहतात. लग्न झाल्यापासून मी ऐकत आलेय ते सासऱ्यांच्या तोंडून: "यंदा काम सुरू होणार आहे."

मुंबईत हे इतक्या घरांत झालेलं आहे की कोणी चकित होत नाही. खोली सोडली की भाडेकरूच्या हातात उरतो एक करार आणि दर महिन्याचा चेक. चेक थांबला की करार वाचत बसायचं. फ्लॅट विकत घेणाऱ्याला २०१७ पासून महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जाता येतं, पण पुनर्विकासात जुनी खोली सोडून गेलेल्या भाडेकरूला ते दार सहसा उघडं नसतं. म्हाडा, कोर्ट, समिती, बैठका, हे सगळं चालतं आणि त्याला वर्षं लागतात. तोपर्यंत भाडं कोण भरणार? ज्याचा पगार येतो तो.

पर्सनल लोनही त्यातलंच होतं. बाबांची अँजिओप्लास्टी, आणि दर वेळी घर बदलताना नवीन डिपॉझिट. चार लाख, पाच वर्षांसाठी.

मी विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस?" तो बराच वेळ चालत राहिला आणि मग म्हणाला, "सांगितलं असतं तर ते कारण झालं असतं. बाबांच्या भाड्यामुळे आपलं घर होत नाही, असं वाक्य मला आपल्या घरात नको होतं."

मला वाटतं मुंबईतल्या अनेक शांततांच्या तळाशी हेच असतं. आईवडिलांसाठी आपण जे करतो त्याचा आकडा काढून बायकोसमोर ठेवायचा, म्हणजे त्यांना ओझ्याच्या रकान्यात टाकायचं. थोरल्या मुलाला ते जमत नाही. मग तो आकडा मनात ठेवतो, हिशोब मनातच करतो, आणि उत्तर दर वेळी एकच येत असल्यामुळे गप्प बसतो.

आणि त्याचा हिशोब माझ्यापेक्षा पुढे गेलेला होता. बँकेने कर्जाचे हप्ते मोजले होते, आईवडिलांचं भाडं मोजलं नव्हतं, कारण ते कर्ज नाही आणि कुठल्याच अहवालात दिसत नाही. मी दोन पगार धरले होते. त्याने एक धरला होता. आम्हाला मूल हवं आहे. बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची असते, पण त्यानंतर मी लगेच कामावर जाईन याची खात्री मीही दिली नसती. तेव्हा त्याच्या एकट्याच्या ८५,००० मधून ६५,१०० हप्ता, १७,००० बाबांचं भाडं आणि ९,३०० पर्सनल लोन. ही बेरीज ९१,४०० होते. दूध आणायच्याही आधी ६,४०० रुपये कमी. औषधं यात धरलेलीच नाहीत. हा आकडा तो किती महिने डोक्यात घेऊन लोकलला लटकत होता कोण जाणे.

पैशांपलीकडचं एक होतं, ते मला त्याच फेरीत कळलं. चाळ खाली करायचा करार इंग्रजीत होता. घरात इंग्रजी नीट वाचणारा हाच. चोविशीचा होता, नुकताच नोकरीला लागलेला. त्याने तो करार रात्रभर वाचला, बाबांना मराठीत समजावून सांगितला आणि म्हणाला, "बाबा, ठीक आहे, करा सही." सासऱ्यांनी त्याच्या शब्दावर सही केली.

म्हणून दुसऱ्यांची कागदपत्रं तो इतकी बारकाईने वाचतो. आणि म्हणून स्वतःच्या कागदाशी आला की थांबतो. "मला घर नको असं नाही गं," तो म्हणाला, "पण मी परत एकदा चुकीच्या ठिकाणी सही केली तर?"

यावर "असं काही होणार नाही" म्हणणं मला खोटं वाटलं. होऊ शकतं, त्याच्या घरात झालेलंच आहे. भीतीला धीर देण्यापेक्षा तिला अटी घालू द्याव्यात असं माझं मत आहे. मी त्याला विचारलं, "कुठल्या कागदावर तू सही करशील ते सांग." या प्रश्नावर तो गप्प झाला नाही. हे तर त्याच्या आवडीचं क्षेत्र.

पुनर्विकासातलं, अर्धवट किंवा "पजेशन लवकरच" असलेलं घर नाही. ओसी मिळालेली इमारत हवी, आणि ओसी एजंटच्या मोबाईलवर बघायची नाही, महापालिकेच्या नोंदीत शोधायची. कधी बांधकाम चालू असलेलं घर घ्यायची वेळ आलीच, तर महारेराच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते आधी बघायचं. आणि नोंदणीकृत करार व्हायच्या आधी किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, कारण रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार बिल्डरला त्याहून जास्त घेताच येत नाही. हे तो एका दमात बोलला. हे सगळं त्याच्याकडे तयार होतं, फक्त ते अट म्हणून मांडायची मुभा आहे हे त्याला वाटलं नव्हतं.

माझीही एक अट होती: बाबांचं भाडं आमच्या दोघांच्या हिशोबात पहिल्या ओळीवर येईल. उरलं तर द्यायचं असं नाही. आधी ते वजा करायचं आणि मग घर किती झेपतं ते काढायचं. त्याला हे ऐकायला वेळ लागला. त्याच्या मते तो त्याचा भार होता, माझ्या डोक्यावर तो कसा टाकायचा. माझं म्हणणं, डोंबिवलीला गेल्यावर माझ्या ताटात पहिली पोळी आई वाढतात, मग त्यांच्या घराचं भाडं हिशोबाबाहेर ठेवणारी मी कोण.

मग उलटा हिशोब केला. एका पगारावर सहा महिने तग धरता येईल असा हप्ता किती? ४५,००० च्या वर नको असं ठरलं. त्या हप्त्यात साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साधारण ५२ लाखांचं कर्ज बसतं. या रकमेला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे घर ६५ लाखांचं. भांडूपमध्ये ६५ लाखांत आम्हाला हवं तसं घर मिळत नाही. कल्याणच्या पुढे, बदलापूर-टिटवाळ्याकडे मिळतं, आणि मग माझा रोजचा प्रवास दीड-दोन तासांनी वाढतो. ही गोष्ट दोघांनाही आवडली नाही, पण दोघांनी एकत्र आणि एकाच कागदावर बघून ती आवडली नाही. माझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. याआधी नकार त्याच्या एकट्याच्या डोक्यात होता आणि हट्ट माझ्या एकटीच्या.

सध्या आम्ही भाड्यानेच आहोत. दोघांच्या नावावर एक वेगळं खातं उघडलंय, त्यात दर महिन्याला मिळून २५,००० जातात. आधी सहा महिन्यांचा राखीव निधी भरायचा, त्यातच बाबांचं सहा महिन्यांचं भाडंही धरलेलं आहे. तो पूर्ण झाला की पुढचे पैसे घराचे. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज मुंबई मंडळाची जाहिरात आली की भरतो. लालबागच्या भाडेकरूंच्या बैठकीला आता मीही जाते. म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे रखडलेले प्रकल्प म्हाडाला ताब्यात घेता यावेत यासाठी कायद्यात जी दुरुस्ती झाली आहे, तिच्याखाली अर्ज करायचा की बिल्डरशी पुन्हा बोलायचं, यावर तिथे दोन तट आहेत. नवरा मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचा. अलीकडे उठून बोलतो.

त्याचं गप्प होणं पूर्ण थांबलेलं नाही. मोठा आकडा ऐकला की अजून त्याचा हात बाटलीकडे जातो. पण आमच्यात एक ठरलेलं आहे. बोलणं नको असेल तर त्याने "आत्ता नको" म्हणायचं आणि पुन्हा कधी ते त्याच वेळी सांगायचं. "उद्या जेवल्यावर" एवढं पुरतं. मग मी मागे लागत नाही. दुसऱ्या दिवशी विषय त्याने काढायचा, मी नाही. हे त्याला सुरुवातीला जड गेलं. एकदा त्याने काढलाच नाही, तेव्हा मी तेवढंच म्हटलं, "आज तू काढणार होतास." तो कागद घेऊन आला.

पुढच्या वर्षी पर्सनल लोन संपेल. तेव्हा मोकळे होणारे ९,३०० कुठे जायचे यावर आमचं एकमत नाही. माझं म्हणणं, ते सरळ घराच्या खात्यात. त्याचं म्हणणं, बाबांना डोंबिवलीत लिफ्टच्या इमारतीत हलवायचं, कारण तीन जिने त्यांना झेपत नाहीत, आणि तिथे भाडं पाचएक हजारांनी जास्त आहे. परवा रात्री यावर चांगलंच वाजलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला नाही, बसून भांडला. जिन्यांचं त्याचं म्हणणं मला पटतंय, पण सगळे पैसे तिकडे जाऊ नयेत हेही माझं म्हणणं आहे. रविवारी डोंबिवलीला जाऊन लिफ्टच्या दोन इमारती बघायच्या आणि मग आकडा ठरवायचा, असं झालंय.